काट्यावर किती, तेवढंच लिहा

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि गाडी चालवणाऱ्याला सगळे पायलट म्हणतात. पाळी बदलताना गाडीबरोबर या दोघांच्या ताब्यात साहित्याची एक यादीही येते. ऑक्सिजन, सक्शन, डिफिब्रिलेटर, इंजेक्शनं, स्ट्रेचरचे पट्टे असं सगळं त्यात असतं. यादीतल्या अनेक रकान्यांत नुसती बरोबरची खूण करायची सोय असते, आणि घोळ इथेच होतो. ‘ऑक्सिजन सिलिंडर आहे’ या वाक्यापुढे खूण केली, तरी तो किती वेळ पुरेल हे त्यातून कळत नाही.

समजा, गाडीत बी टाइपचा सिलिंडर आहे. त्यात साधारण १० लिटर पाणी मावतं. काट्यावरचा दाब आणि ही क्षमता यांचा गुणाकार केला की आत किती लिटर वायू आहे त्याचा ढोबळ अंदाज येतो. भरलेल्या सिलिंडरचा काटा १५० च्या आसपास असतो, म्हणजे सुमारे १५०० लिटर. पाळी बदलताना काटा ७० वर आहे. शेवटचे १५ राखीव धरायचे, कारण सिलिंडर पूर्ण रिकामा होईपर्यंत थांबणं धोक्याचं. उरले ५५, म्हणजे ५५० लिटर. श्वास लागलेल्या रुग्णाला पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर द्यावे लागले, तर हा साठा छत्तीस-सदतीस मिनिटांत संपतो. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालयापर्यंत सव्वा तासाचा घाट असेल, तर लागतील ११०० लिटरहून जास्त. गाडीत दुसरा भरलेला सिलिंडर नसेल, तर रुग्ण घाटात असतानाच ऑक्सिजन संपणार. खूण मात्र दोन्ही वेळा सारखीच दिसली असती. म्हणून त्या रकान्यात आकडा हवा, आणि कोणत्या आकड्याखाली सिलिंडर बदलायचा तोही तिथेच छापलेला हवा. हा आकडा त्या गाडीच्या सर्वांत लांबच्या फेरीवरून ठरवावा.

काटाही फसवू शकतो. व्हॉल्व्ह बंद असला तरी रेग्युलेटरमध्ये अडकलेल्या वायूमुळे तो मघाचाच दाब दाखवत राहतो. त्यामुळे आधी अडकलेला वायू सोडायचा, काटा शून्यावर आणायचा आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडून वाचायचं. त्यानंतर प्रवाहाची कळ बंद ठेवून व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायचा. काटा जागेवर राहिला तर जोड घट्ट आहे. तो उतरू लागला तर गळती आहे, आणि बहुतेकदा दोष झिजलेल्या वॉशरचा असतो. जोडावर तेल किंवा ग्रीस मात्र चुकूनही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. सिलिंडरची चावी साखळीने तिथेच बांधलेली असावी. भरलेला सिलिंडर आहे, पण चावी कालच्या पायलटच्या खिशात घरी गेली, तर तो असून नसल्यासारखाच.

सक्शन यंत्राचंही तसंच. बटण दाबल्यावर मोटर घरघरली म्हणजे यंत्र चालतं असं नाही. नळीचं टोक अंगठ्याने बंद करून काही सेकंदांत काटा ३०० मिलिमीटरपर्यंत चढतो का, ते बघायचं. बाटलीचं झाकण नीट बसलं नसेल तर मोटर फिरते, पण रुग्णाच्या घशातली उलटी तशीच राहते.

भरपाईचं खरं काम पाळीच्या शेवटी नसतं, ते प्रत्येक फेरीनंतर असतं. रुग्ण उतरवला, स्ट्रेचर पुसलं की काय वापरलं ते लगेच लिहायचं आणि त्याच जागी नवीन ठेवायचं. औषधांच्या पेटीला क्रमांकाचं प्लास्टिकचं सील लावलं, तर दर पाळीत प्रत्येक अँप्यूल मोजावं लागत नाही. सील शाबूत आहे, क्रमांक वहीशी जुळतो आणि बाहेरच्या चिठ्ठीवर लिहिलेली सर्वांत जवळची मुदत संपलेली नाही, एवढं पाहिलं की पुरे. पण सील उन्हापासून वाचवत नाही. बंद गाडी तापली की अ‍ॅड्रेनलिनसारखी औषधं मुदतीआधीही बिघडू शकतात. रंग तपकिरी झालेलं अँप्यूल वापरायचं नाही.

मग सह्या. सुटणारे आणि येणारे असे दोघे मिळून गाडीशेजारी उभे राहून तपासणी करतात, तेव्हाच त्या सह्यांना वजन येतं. चहाच्या टपरीवर बसून भरलेला कागद लगेच ओळखू येतो: सलग कित्येक दिवस काटा तोच, शाई तीच, शेऱ्याचा रकाना कोरा. वापरात असलेल्या गाडीत असं होऊच शकत नाही. याउलट ‘सक्शन २०० च्या वर जात नाही, कंट्रोल रूमला ८.१० ला कळवलं’ असा शेरा असलेला कागद खरा. तो वाचून कंट्रोल रूम ठरवते की सुट्टा भाग येईपर्यंत ही गाडी बेशुद्ध रुग्णासाठी पाठवायची नाही, आणि पुढच्या फोनला शेजारच्या केंद्रातली गाडी निघते.