फ्रेंच साहेबाची शिफारस

फ्रान्समध्ये नोकरी सुटली की कंपनीला एक कागद द्यावाच लागतो, सर्तिफिका द त्राव्हाय. कामावर रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सांभाळलेली पदं असा त्यातला मजकूर. माणूस कसा होता, याबद्दल त्यात सहसा अवाक्षर नसतं. ते सांगायचं तर साहेबाने वेगळं पत्र लिहायचं, हल्ली बहुतेक ईमेलच. ते लिहायला कायदा कुणालाही भाग पाडत नाही, त्यामुळे त्याला वजन येतं.

समजा, ल्यों शहरातल्या एका गोदामाची प्रमुख आपल्या जुन्या सहकारिणीसाठी नाँतमधल्या नव्या कंपनीला लिहिते आहे. विषयाच्या ओळीत शिफारस आणि उमेदवाराचं नाव. समोरची व्यक्ती अनोळखी, म्हणून आरंभी नुसतं ‘मादाम,’. पुढे आडनाव जोडलं तर जुन्या वळणाच्या वाचकाला खटकतं. पहिल्याच वाक्यात नातं स्पष्ट होतं: ही तीन वर्षं माझ्या हाताखाली ऑर्डरचं नियोजन पाहत होती. मग काम: उशिरा जाणाऱ्या मालाच्या तक्रारी आल्या, तेव्हा तिने ट्रक भरण्याचा क्रम बदलला आणि वाहतूकदारांशी रोज सकाळी बोलणं सुरू केलं, सहा महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या.

इथे अमेरिकी थाटाची उधळण केली, ‘अद्वितीय’, ‘असामान्य’ असं लिहिलं, तर फ्रेंच वाचकाला शंका येते. ‘काटेकोर’, ‘स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारी’ एवढी विशेषणं पुरतात. खरा जोर शेवटी येतो: ‘ज ला रकोमांद सां रेझेर्व्ह’, म्हणजे मी तिची बिनशर्त शिफारस करते. हे वाक्य नसलं तर अनुभवी वाचक ते गाळल्याची नोंद घेतो. मला तर मेलमधली ही सगळ्यात बोलकी जागा वाटते. पुढे ‘अधिक माहितीसाठी मी उपलब्ध आहे’, फोन नंबर आणि ‘कोर्दियालमां’. कागदी पत्रातला लांबलचक नमस्कार मेलमध्ये बहुतेक जण सोडतात.

काय लिहू नये, याबाबत मात्र सैलपणा चालत नाही. फ्रेंच कामगार कायद्यानुसार उमेदवाराची माहिती मागायची ती फक्त कामाची पात्रता तपासण्यासाठी. तिची आजारपणाची रजा, गरोदरपण, संघटनेतलं काम यांचा इथे काही संबंध नाही. ‘बाळंतपणानंतरही तितकीच तत्पर’ हे कौतुक म्हणून लिहिलं तरी पुढच्या मालकाच्या हाती नको ती माहिती पडते. शिवाय चौकशीची जी पद्धत उमेदवाराला आधी कळवलेली नाही, तिच्यातून त्याची वैयक्तिक माहिती गोळा करायला कायद्याची मनाई आहे. परस्पर फोन फिरवणं त्यात बसत नाही.

तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी एवढं करावं: माजी साहेबांना आधी विचारावं, नव्या कामाची जाहिरात त्यांना पाठवावी आणि मगच त्यांचं नाव पुढे द्यावं.