दारं अरुंद झाल्यासारखी

शिंपीकाम करणारे बावन्न वर्षांचे एक गृहस्थ. तक्रार एकच, सुईत दोरा जात नाही. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता, तरी फरक नाही. बोलताबोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अलीकडे दारातून जाताना कधी उजवा खांदा चौकटीला घासतो, कधी डावा. "दारं अरुंद झाल्यासारखी वाटतात," असं म्हणून ते स्वतःच हसले. (हे गृहस्थ एक नव्हेत. अशा बऱ्याच रुग्णांचं मिळून हे एक चित्र आहे.)

डावा डोळा झाकून त्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. प्रत्येक ओळीतली डावीकडची अक्षरं त्यांनी वाचली आणि उजवीकडची सोडून दिली. उजवा डोळा झाकल्यावर बरोबर उलटं झालं. अक्षरं मात्र शेवटच्या बारीक ओळीपर्यंत स्पष्ट दिसत होती. चष्म्याच्या दुकानात या खुणेकडे कुणी लक्ष दिलं नसावं. ओळ अर्धी वाचली की माणूस घाई करतोय असं समजून पुढची ओळ दाखवायची, हा तिथला रिवाज. नेत्रतज्ज्ञाला मात्र एवढ्यावरून दुखण्याची जागा जवळजवळ कळते. ती जागा डोळ्यात नसते, डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी असते.

याचं कारण समजायला डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाट पाहावी लागेल. कॅमेऱ्याप्रमाणे डोळ्यातही चित्र उलटं पडतं. कानाच्या बाजूने आलेला उजेड पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागावर पडतो, आणि नाकाच्या बाजूचा कानाकडच्या भागावर. दोन्ही भागांतून निघालेले सुमारे बारा लाख तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, तयार होते. दोन डोळ्यांच्या दोन नसा थोडं अंतर गेल्यावर एकमेकींना भेटतात. या भेटीच्या जागेला ऑप्टिक कायझम म्हणतात. इथे नाकाकडच्या भागातले तंतू पलीकडच्या बाजूला जातात आणि कानाकडच्या भागातले आपल्याच बाजूने सरळ पुढे निघतात. त्यामुळे कायझमच्या मागे वाटणी डोळ्यांनुसार राहत नाही, बाजूंनुसार होते. समोरच्या जगाची डावी बाजू, मग ती कुठल्याही डोळ्याने पाहिलेली असो, उजव्या मेंदूकडे जाते. उजवी बाजू डाव्या मेंदूकडे जाते.

म्हणजे नुकसान कुठे झालं यावर काय दिसेनासं होईल ते ठरतं. कायझमच्या आधी, नसेत बिघाड असेल तर त्या एकाच डोळ्याचं नुकसान होतं. कायझमच्या मागे, उदाहरणार्थ पक्षाघातात, बिघाड असेल तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. असा रुग्ण बहुतेक वेळा म्हणतो, "डावा डोळा गेला." एकेक डोळा झाकून पाहिलं की उजव्या डोळ्याचीही डावी बाजू गेलेली असते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डावी बाजू गेली की ओळीची सुरुवात सापडत नाही, आणि उजवी गेली की पुढचा शब्द येता येत नाही. रशिया-जपान युद्धात डोक्याच्या मागच्या भागाला गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून तात्सुजी इनोये या जपानी डॉक्टरने 1909 साली दाखवलं की मेंदूच्या मागच्या टोकाला या दृश्याचा चक्क नकाशा असतो. ती गोष्ट वेगळी आणि मोठी आहे.

आपले शिंपीकाका मधल्या जागी अडकले होते. कायझमच्या मधोमध दाब आला तर ओलांडून जाणारे तंतू दबतात, म्हणजे दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू जाते. याला बायटेम्पोरल हेमिअनोपिया म्हणतात. आता गंमत अशी, की दोन्ही डोळे उघडे असताना मधलं जग जवळजवळ पूर्ण दिसतं, कारण एका डोळ्याचा गेलेला भाग दुसऱ्या डोळ्याचा नाकाकडचा भाग बऱ्याच अंशी भरून काढतो. दोन्ही टोकांच्या पट्ट्या तेवढ्या नाहीशा होतात. खांदे चौकटीला घासतात ते यामुळे. माणसाला अंधार दिसत नाही, त्यामुळे बिघाड लक्षातही येत नाही.

सुईचं कारण आणखी मजेशीर आहे. आपण ज्या वस्तूवर नजर रोखतो, तिच्या मागची जागा दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या क्षेत्रात येते. तेच क्षेत्र गेलेलं असेल, तर नजरेच्या बिंदूमागे एक आंधळा त्रिकोण तयार होतो. दोऱ्याच्या टोकावर नजर ठेवली की त्यामागचं सुईचं नेढं गायब. नंबर बदलून ते परत येणार कसं?

तपासणीला यंत्राची गरज लगेच पडत नाही. समोर बसायचं, रुग्णाने एक डोळा झाकायचा आणि माझ्या नाकाकडे पाहत राहायचं. मग औषधाच्या बाटलीचं लाल झाकण कडेने हळूहळू आत आणायचं. शिंपीकाकांना ते कानाकडून येताना मळकट तपकिरी दिसत होतं. मधली उभी रेघ ओलांडताच लाल झालं. ही उभी रेघ महत्त्वाची. काचबिंदूत नुकसान आडव्या रेघेला धरून होतं. सुटलेल्या पापणीने किंवा तिरप्या नसेनेही कडेचं कमी दिसतं, पण ते उभ्या रेघेवर येऊन असं नेमकं थांबत नाही. नंतर यंत्रावर, पांढऱ्या वाटीत डोळा ठेवून, लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्यात दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या वरच्या कोपऱ्यात काळं जास्त होतं.

वरचा कोपरा का? कायझमच्या खाली सुमारे एक सेंटिमीटरवर पिट्युटरी ग्रंथी हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिची गाठ वर वाढत आली की आधी खालचे तंतू दाबते, आणि ते पडद्याच्या खालच्या भागातले, म्हणजे वरचं जग दाखवणारे असतात. वरून दाबणाऱ्या गाठी, उदाहरणार्थ क्रेनिओफॅरिंजिओमा, खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात. नेहमीच इतकं स्वच्छ घडत नाही, पण पहिला अंदाज बांधायला पुरतं. मधलं सेंटिमीटरभर अंतर असल्यामुळे ग्रंथीतली लहानशी गाठ नजरेला काहीच करत नाही. नजर बिघडेपर्यंत गाठ बरीच मोठी झालेली असते.

एमआरआयमध्ये 26 मिलिमीटरची गाठ दिसली. पण शस्त्रक्रियेची घाई करण्याआधी एक रक्ततपासणी हवीच, प्रोलॅक्टिनची. गाठ हे संप्रेरक बनवणारी असेल तर बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. नाहीतर नाकातून दुर्बीण घालून ती काढावी लागते. काकांचं प्रोलॅक्टिन हजारांत होतं. आठवड्यातून दोन गोळ्या सुरू झाल्या आणि महिनाभरात तक्त्याच्या ओळी पूर्ण वाचून झाल्या. घरच्यांना मात्र बजावून ठेवलं, की अचानक भयंकर डोकेदुखी, उलटी आणि नजर घसरणं किंवा पापणी मिटणं एकत्र आलं, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

किती नजर परत येईल हे तंतू दबले आहेत की मेले आहेत यावर ठरतं. पडद्याच्या ओसीटी स्कॅनमध्ये तंतूंचा थर पातळ झालेला असेल, तर आशा कमी धरावी. काकांच्या उजव्या डोळ्यात तो थोडा पातळ होता. दोरा जायला लागला, पण उजवीकडे वर, अगदी कडेला, एक कोपरा तसाच राहिला. खुंटीवर टांगलेले शिवून झालेले कपडे तिथून डोक्याला लागायचे, म्हणून त्यांनी खुंटीच डावीकडच्या भिंतीवर नेली.