दोन परीक्षक, एक मसुदा

शोधनिबंधावर परस्परविरोधी अभिप्राय आले, की दुरुस्तीआधी मुख्य दावा एका वाक्यात लिहून ठेवावा. समजा, दावा असा : ठिबक सिंचनाने गावातला पाणीउपसा घटला नाही, कारण वाचलेल्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले. एक परीक्षक म्हणतो, विहिरींच्या मोजणीचा भाग कापा. दुसरा म्हणतो, वाढवा. दोघेही एकाच ठिकाणी अडखळले आहेत, म्हणजे अडचण खरी आहे. उपाय मात्र लेखकाने शोधायचा. मोजणीचा निष्कर्ष दोन वाक्यांत मजकुरात ठेवावा, तक्ते परिशिष्टात न्यावेत. दोघांचे समाधान व्हावे म्हणून ‘घटला नाही’ऐवजी ‘फारसा घटला नसावा’ असे लिहिणे सर्वांत घातक, कारण तिथे दावाच विरघळतो. न स्वीकारलेल्या सूचनेचे कारण संपादकाला उत्तरपत्रात कळवावे.