युनिट आणि एनएव्ही: एनपीएसचा हिशेब

मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या शिक्षकाचे एनपीएस खाते घ्या. पगारातून 10 टक्के कपात आणि शासनाचे 14 टक्के, मिळून समजा 14,400 रुपये जमले. या पैशांतून फंडाचे युनिट विकत घेतले जातात. एका युनिटची त्या दिवसाची किंमत म्हणजे एनएव्ही: फंडाच्या मालमत्तेचे बाजारमूल्य, वजा देणी, भागिले एकूण युनिट.

सोयीसाठी एकच फंड धरू. एनएव्ही 40 असेल तर 360 युनिट मिळतील. पुढच्या महिन्यात बाजार पडून ती 36 झाली, तर तेवढ्याच पैशांत 400. आता युनिट 760, मूल्य 27,360 रुपये. भरले होते 28,800. तोटा दिसतो, पण बाजार पडल्याने एकही युनिट कमी झालेले नाही. एनएव्ही 42 झाली की मूल्य 31,920 होते. खाते-शुल्क युनिट रद्द करून वसूल झाले, तर मात्र युनिट घटतात.

खरी काळजी वेगळी आहे. कपात झाली तरी रक्कम खात्यात पोहोचेपर्यंत युनिट मिळत नाहीत. म्हणून पगारपत्रकातली कपात आणि एनपीएस विवरणातली जमा दर महिन्याला ताडून पाहा. एखादा महिना गायब दिसला तर लगेच लेखी विचारणा करा.