परदेशी पाकिटावरचा कप केवढा?

पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत हल्ली अमेरिकी ग्रॅनोला आणि देशी म्युस्ली एकाच फळीवर दिसतात. दोन्ही पाकिटं उलटी करून साखरेचा आकडा पाहिला, समजा देशी पाकिटावर १८ ग्रॅम आहे आणि अमेरिकी पाकिटावर १४. महागाचं असलं तरी साखर कमी आहे म्हणून गिऱ्हाईक अमेरिकी पाकीट उचलतं. प्रत्यक्षात जास्त साखरेचं पाकीट त्याने घरी नेलेलं असतं.

भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पोषणतक्ता दर १०० ग्रॅममागे किंवा १०० मिलिलिटरमागे सहसा द्यावा लागतो, आणि आपली नजर त्यालाच सरावलेली आहे. अमेरिकी तक्ता 'एका सर्व्हिंग'मागे असतो. आपल्या उदाहरणातल्या पाकिटावर वरच्या बाजूला लिहिलेलं आहे: सर्व्हिंग साइझ २/३ कप (६० ग्रॅम). म्हणजे १४ ग्रॅम साखर ६० ग्रॅम ग्रॅनोलात आहे. १४ ला ६० ने भागून १०० ने गुणलं की उत्तर येतं २३. देशी पाकिटावरचे १८ तसेच राहतात, कारण ते मुळातच १०० ग्रॅमचे होते.

कोणत्याही अमेरिकी पाकिटावर हिशेबाचा खरा आधार म्हणजे कंसातले हे ग्रॅम. कप, चमचा, 'अमुक बिस्किटं' ही मापं घरगुती अंदाजासाठी छापलेली असतात. दुकानात उभ्याउभ्या करायचं तर एक सोपी रीत आहे: सर्व्हिंगच्या ग्रॅमना १० ने भागायचं (६० चे ६), हव्या त्या आकड्याला त्याने भागायचं आणि उत्तर दहापट करायचं. आपल्या ग्रॅनोलाच्या एका सर्व्हिंगमधल्या २७० कॅलरींना ६ ने भागलं की ४५, दहापट ४५०. झाला १०० ग्रॅमचा आकडा.

"कप म्हणजे आपला चहाचा कप किंवा वाटी"

हा कप चहाचा नव्हे. अमेरिकी पोषणतक्त्यापुरता कप २४० मिलिलिटरचा धरलेला आहे, टेबलस्पून १५ चा आणि टीस्पून ५ चा. आपल्या आमटीच्या वाट्या बहुधा याहून लहान असतात आणि एका घरातल्या वाटीचा दुसऱ्या घरातल्या वाटीशी काही संबंध नसतो. पण माप बरोबर असलं तरी अडचण सुटत नाही, कारण कप जागा मोजतो, वजन नाही. एका कपात कुरमुऱ्यासारखं फुललेलं धान्य जेमतेम १५ ग्रॅम बसतं. आपला ग्रॅनोला त्याच कपात ९० ग्रॅम बसतो. आणि मध ३४० ग्रॅमच्या आसपास.

मधाच्या बाटलीवर आणखी एक गोंधळ होतो. औंस दोन प्रकारचे असतात. एक वजनाचा, सुमारे २८ ग्रॅमचा. दुसरा द्रवाचा, सुमारे ३० मिलिलिटरचा, आणि त्याच्या आधी 'एफ एल' ही अक्षरं असतात. पाण्यासारख्या पदार्थात दोन्ही जवळजवळ सारखेच पडतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. मधात मात्र येतो: १२ औंस वजनाचा मध ८ द्रव-औंसांच्या एका कपात मावतो. बाटलीवर 'नेट वेट १२ औंस' असेल आणि कुणी ते ३६० मिलिलिटर समजला, तर त्याने दीडपट मध गृहीत धरला. सुदैवाने अमेरिकी बाटल्यांवर पुढच्या बाजूला औंसाशेजारी ग्रॅम किंवा मिलिलिटरही छापलेले असतात. ते वाचावेत आणि औंस विसरून जावा.

"सर्व्हिंग म्हणजे तज्ज्ञांनी सांगितलेलं खाण्याचं प्रमाण"

हा गैरसमज सर्वांत पक्का आहे, शिकल्यासवरल्या माणसांतसुद्धा. ६० ग्रॅम लिहिलंय म्हणजे रोज ६० ग्रॅम खावं, असा अर्थ लावला जातो. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने सर्व्हिंगचा आधार ठरवला तो 'लोक साधारणतः एका बैठकीत जेवढं खातात' हा. किती खावं याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक पदार्थवर्गासाठी असं एक संदर्भप्रमाण ठरवून दिलेलं आहे आणि कंपनीला त्याच्या जवळात जवळचं घरगुती माप छापावं लागतं.

हे आकडे सुरुवातीला १९७० आणि ८० च्या दशकांतल्या आहार-सर्वेक्षणांवरून काढलेले होते. पुढे लोकांचं खाणं वाढलं, तसे २०१६ च्या सुधारणेत आकडेही वाढले. आइस्क्रीमची सर्व्हिंग अर्ध्या कपाची २/३ कप झाली आणि शीतपेयाची ८ औंसांची १२ औंस. वैद्यकशास्त्राने रातोरात जास्त आइस्क्रीमला परवानगी दिली, असा त्याचा अर्थ नव्हता. वाडगे मोठे झाले होते, एवढंच.

न्याहारीच्या धान्यांत तर एकाच फळीवर तीन वेगळी संदर्भप्रमाणं सापडतात. अगदी हलक्या, फुललेल्या धान्याला १५ ग्रॅम, पोह्यांसारख्या फ्लेक्सना ४०, आणि ग्रॅनोलासारख्या जड प्रकाराला ६०. त्यामुळे दोन्ही पाकिटं अमेरिकीच असली, दोन्हींवर 'एक सर्व्हिंग'च लिहिलेलं असलं, तरी त्यांची थेट तुलना करता येत नाही. फुललेल्या धान्याच्या डब्यावर ६ ग्रॅम साखर आणि ग्रॅनोलावर १४ वाचून पहिलं निरोगी वाटतं. १०० ग्रॅमवर आणलं की पहिलं ४० ग्रॅम साखरेचं निघतं, म्हणजे दुसऱ्याच्या पावणेदोनपट.

आणि आपण खरोखर खातो किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा रिकामा वाडगा ठेवून नेहमीच्या हाताने ग्रॅनोला ओतून पाहावा. १२० ग्रॅम भरला तर त्या दोन सर्व्हिंग झाल्या: ५४० कॅलरी आणि २८ ग्रॅम साखर, दूध ओतण्यापूर्वी. हे वजन एकदा कळलं की रोज काटा काढावा लागत नाही.

"दोन रकाने असतील तर दुसरा पूर्ण पाकिटाचा"

बहुतेक वेळा असतो, पण मथळा वाचल्याशिवाय मानू नये. पूर्ण पाकिटाचा रकाना सगळ्या पाकिटांवर सक्तीचा नाही. संदर्भप्रमाणाच्या दुप्पट ते तिप्पट माल असलेल्या पाकिटांवरच तो लागतो, कारण एवढं पाकीट माणूस एकटा एका दमात संपवू शकतो. दुपटीहून कमी माल असेल तर सहसा सगळं पाकीट हीच एक सर्व्हिंग धरावी लागते. म्हणून २० औंसांची शीतपेयाची बाटली आता एकच सर्व्हिंग आहे, पूर्वी ती अडीच असे. आपल्या ग्रॅनोलाची १५० ग्रॅमची पिशवी असेल तर तिच्यावर पूर्ण पाकिटाचे ६८० कॅलरींचे आकडे दिसतील. ३४० ग्रॅमच्या मोठ्या पिशवीवर तो रकाना नसेल, फक्त 'सुमारे ६ सर्व्हिंग' असेल. मोठी पिशवी हलकी आहे असं मुळीच नाही. तिथे गुणाकार आपण करायचा.

पण केकचं मिश्रण किंवा चीज-मॅकरोनीच्या डब्यावर दुसरा रकाना 'तयार केल्यावर'चा असू शकतो, म्हणजे कोरडं मिश्रण अधिक लोणी आणि दूध. दोन्ही रकाने एकाच सर्व्हिंगचे असतात. त्यातला दुसरा पूर्ण डब्याचा समजून 'सगळा डबा ३५० कॅलरींचा' असा हिशेब केला, तर डब्यातल्या तीन सर्व्हिंगपैकी दोन गायब होतात.

"शून्य म्हणजे शून्य"

इथे मात्र वरची भागाकाराची रीत निकामी होते. अमेरिकी नियमात ५ पेक्षा कमी कॅलरी आणि अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी चरबी शून्य म्हणून छापता येते, दर सर्व्हिंगला. तव्यावर मारायच्या तेलाच्या फवाऱ्याची संदर्भ-सर्व्हिंग पाव ग्रॅम आहे, म्हणजे पाव सेकंदाचा फवारा. पाव ग्रॅम तेलात सव्वादोन कॅलरी. म्हणून डबा जवळजवळ निव्वळ तेलाचा असूनही तक्त्यात कॅलरी ०, चरबी ०. घावन किंवा डोसा घालताना कुणी पाव सेकंदात बोट उचलत नाही. चार सेकंद दाबलं की सुमारे चार ग्रॅम तेल पडतं, म्हणजे जवळपास एक छोटा चमचा, पस्तीसेक कॅलरी. तेलाच्या मानाने हे कमीच आहे आणि फवारा काही वाईट वस्तू नाही. पण ते तेल आहे.

हे ओळखायचं कसं? शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच येणार, म्हणून दुसरीकडे पाहावं लागतं. एक, डब्यातल्या सर्व्हिंगची संख्या: ती पाचशेच्या वर असेल तर सर्व्हिंग नखाएवढी आहे. दोन, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलंच नाव तेलाचं असेल तर चरबी शून्य असणं शक्यच नाही.

"टक्केवारी सगळीकडे एकच"

उजवीकडची टक्केवारी अमेरिकी दैनिक प्रमाणाची असते. दोन्हीकडे दिवसाला २,००० कॅलरी धरल्या असल्या तरी सोडियम तिथे २,३०० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे २,०००; चरबी तिथे ७८ ग्रॅम, आपल्याकडे ६७. दोन सर्व्हिंगच्या सूपच्या डब्यात १,३८० मिलिग्रॅम सोडियम असेल तर डबा ६० टक्के सांगेल, आपल्या प्रमाणाने ते ६९ होतात. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मिलिग्रॅममध्ये मर्यादा घालून दिली असेल तर टक्केवारीकडे पाहूच नये, मिलिग्रॅमच मोजावेत.

दुकानातून घेतलेल्या आयात पाकिटावर आयातदाराचं एक स्टिकरही असतं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण असते. स्टिकर इथलं आहे म्हणून आतले आकडेही १०० ग्रॅमचे असतील असं धरून चालू नये. मूळ तक्ता बहुधा तसाच राहिलेला असतो. काही वेळा स्टिकर नेमकं सर्व्हिंगच्या ओळीवर चिकटलेलं असतं. मग कंसातले ग्रॅम दिसत नाहीत आणि खालच्या कुठल्याच आकड्याचा अर्थ लावता येत नाही. अशा वेळी फळीवरचं दुसरं पाकीट उलटून पाहावं, त्यावर स्टिकर थोडं खाली-वर लागलेलं असण्याची शक्यता असते.