मुक्काम हलवायचा की परतायचं?

छत्रपती संभाजीनगरला खोली घेतली की वेरूळ, अजिंठा, पैठण, लोणार सगळं तिथूनच 'करून येऊ', असा बेत बहुतेक घरांत ठरतो. त्यातला अर्धा बेत अगदी बरोबर असतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र रोज त्याच खोलीवर परतणं महागात पडतं आणि ती महागाई भाड्यापेक्षा वेळेत जास्त असते.

आधी जमणारा भाग पाहू. दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ ही तिन्ही एकाच रस्त्यावर आहेत आणि शेवटचं वेरूळ शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत देवगिरीचा किल्ला चढावा, जेवून वेरूळला जावं. तिथली लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपारनंतरचा उजेड आत येतो. संध्याकाळी घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन तासाभरात खोलीवर येता येतं. पैठण विरुद्ध दिशेला, दक्षिणेकडे, सुमारे पन्नास किलोमीटरवर. तेही आरामात होतं. अशा वेळी खोली बदलण्यात काहीच फायदा नाही.

एका जागी राहण्याचा खरा उपयोग दिवसांची अदलाबदल करताना कळतो. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. शनिवारी पोहोचलेल्या कुटुंबाने रविवारी वेरूळ उरकावं, सोमवारी पैठणला जाऊन आल्यावर बीबी का मकबरा पाहावा आणि मंगळवारी अजिंठ्याला निघावं. रविवारी कोणाला बरं वाटेनासं झालं, तर पैठण त्या दिवशी आणि वेरूळ सोमवारी घेता येतं. रोज वेगळ्या गावात आरक्षण असतं, तर ही सवड मिळाली नसती.

मुक्काम हलवण्यात वेळ कुठे जातो, हेही मोजायला हवं. सामान बांधणं, हिशेब करणं, दुपारी नव्या हॉटेलात खोली तयार होईपर्यंत थांबणं आणि तोवर गाडीत पडलेल्या बॅगांची काळजी. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असली, तर यात अर्धा दिवस सहज जातो. म्हणजे हलण्यामुळे अर्ध्या दिवसाहून जास्त वाचत असेल, तरच हलावं.

अजिंठा या हिशेबात अगदी काठावर बसतं. फुलंब्री, सिल्लोड करत, घाट उतरून जाताना सुमारे शंभर किलोमीटर होतात आणि एका बाजूला अडीच-तीन तास लागतात. शिवाय गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. लेण्यांसाठी चार तास धरले, तर अख्खा दिवस त्यातच जातो. मग फर्दापूरला राहावं का? केवळ पहाटेसाठी असेल तर नाही, कारण लेण्यांचं दार नऊला उघडतं. आदल्या रात्री तिथे राहिलेल्याला फार तर गर्दीच्या आधीचा तासभर मिळतो.

इथे निर्णय ठरतो तो पुढच्या प्रवासावरून. मुंबई किंवा नागपूरकडे परतायचं असेल, तर अजिंठ्याहून पुढे साठेक किलोमीटरवर जळगाव आहे आणि तिथून मुख्य मार्गावरच्या गाड्या मिळतात. म्हणून येतानाचं तिकीट संभाजीनगरचं आणि जातानाचं जळगावचं काढावं, सामान घेऊनच अजिंठ्याला जावं आणि रात्री जळगाव गाठावं. शंभर किलोमीटर मागे येणं वाचतं. पुण्याला स्वतःच्या गाडीने परतणाऱ्याला मात्र जळगाव उलट दिशेला पडतं, त्याने पुन्हा संभाजीनगरलाच यावं.

लोणारचं तसं नाही. जालना, सिंदखेडराजा करत तिथे जायला दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. परतायचं म्हटलं तर दिवस गाडीतच संपतो आणि सरोवर पाहायला भर दुपार उरते. शिवाय विवरात उतरून काठाची देवळं पाहत पुन्हा वर येणं, ही उन्हात करायची गोष्ट नाही. त्यासाठी सकाळच हवी. तेव्हा जाताना सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहावं, संध्याकाळी लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर, आणि रात्री तिथेच मुक्काम. इथे हलण्यातला अर्धा दिवस पुरता वसूल होतो.

नकाशा घेऊन बसलं की प्रत्येक ठिकाणासाठी दोन प्रश्न विचारावेत. जाऊन-येऊन पाच तासांहून जास्त वेळ रस्त्यावर जातो का? आणि तिथे थांबलं तर हाती काही नवं लागतं का, म्हणजे पुढच्या प्रवासातलं अंतर किंवा उपयोगाची सकाळ? दोन्हींना 'हो' आलं तर सामान बांधावं. पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असेल, तर पहाटे लवकर निघावं आणि रात्रीचं जेवण पुन्हा त्याच हॉटेलात घ्यावं.