पंखे परत गेले, बिल मात्र तसंच राहिलं

पुण्यातल्या एका ठोक व्यापाऱ्याने साताऱ्याच्या दुकानदाराला ४० छताचे पंखे पाठवले, असं समजा. बिलावर दर १,५०० रुपये, म्हणजे मालाची किंमत ६०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. एकूण बिल ७०,८०० रुपयांचं. खोकी उघडल्यावर दुकानदाराच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. चार पंख्यांची पाती वाकलेली होती. शिवाय फोनवर दर १,४५० ठरला होता आणि बिलात १,५०० लागला होता. त्याने पुण्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "पंखे पाठवून द्या, बाकीचं पुढच्या बिलात वळतं करतो."

हे वाक्य आपल्याकडे रोज हजारो दुकानांत बोललं जातं आणि ते चांगल्या मनानेच बोललं जातं. तरी दुकानदाराने ते मान्य करू नये. पुढच्या बिलात रक्कम कमी केली की त्या नव्या मालाचा दर कागदोपत्री खोटाच कमी दिसतो. जुनं बिल दोघांच्या खात्यांत ७०,८०० रुपयांचंच उभं राहतं. परत गेलेले चार पंखे पुण्याच्या गोदामात असतात, पण साठ्याच्या नोंदीत नसतात. साताऱ्यात उलट होतं, तिथे नोंदीत ४० पंखे आणि मांडणीवर ३६. वर्षअखेर साठा मोजायला बसल्यावर ते चार पंखे कुठे गेले, हे कोणालाच आठवत नाही.

बिलच खोडून नवीन का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. बिल एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की ते एकट्या विक्रेत्याचं राहत नाही. खरेदीदाराने ते आपल्या वहीत चढवलेलं असतं आणि विक्रेत्याने ते जीएसटीच्या विवरणात कळवलेलं असतं. मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्यांना ई-इन्व्हॉइस करावं लागतं, आणि ते पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात. म्हणून मूळ बिलाला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी दुरुस्तीचा वेगळा कागद ठेवायचा. रक्कम कमी करणारा कागद म्हणजे क्रेडिट नोट, वाढवणारा म्हणजे डेबिट नोट.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार हे दोन्ही कागद माल पुरवणाऱ्यानेच काढायचे असतात. बिलात किंमत किंवा कर जास्त लागला, माल परत आला किंवा सदोष निघाला, तर विक्रेता क्रेडिट नोट देतो. बिल कमी झालं असेल, समजा १,४५० च्या जागी १,४०५ छापलं गेलं असेल, तर तोच डेबिट नोट देऊन उरलेली रक्कम आणि तिच्यावरचा कर मागतो.

गोंधळ होतो तो खरेदीदाराच्या डेबिट नोटने. माल परत पाठवताना दुकानदारही एक डेबिट नोट काढतो. "तुमच्या नावे इतके टाकले" असं पुरवठादाराला कळवणारा हा कागद हिशेबाच्या जुन्या रिवाजातला आहे आणि तो ठेवावाच, कारण मालाबरोबर काय गेलं आणि का गेलं याचा तो पुरावा असतो. पण विक्रेत्याचा कर त्या कागदाने कमी होत नाही. त्याला क्रेडिट नोटच लागते. पुष्कळ दुकानदार आपली डेबिट नोट फायलीत लावून निश्चिंत होतात आणि पुण्याहून कागद आलाच नाही, हे त्यांना मार्चमध्ये कळतं.

आता आपल्या पंख्यांची रक्कम काढू. इथे एक सापळा आहे. परतीचे चार पंखे बिलाच्या दराने, म्हणजे १,५०० ने धरले तर ६,००० होतात. मग दरातला ५० रुपयांचा फरक उरलेल्या ३६ पंख्यांवरच धरायचा, तो १,८०० होतो. बेरीज ७,८००. फरक सगळ्या ४० पंख्यांवर लावला तर २,००० होतात आणि परतीच्या चार पंख्यांचे २०० रुपये दोनदा वजा होतात. ७,८०० वर १८ टक्के कर १,४०४. म्हणजे क्रेडिट नोट ९,२०४ रुपयांची हवी आणि दुकानदाराचं देणं ६१,५९६ उरलं पाहिजे. हे लगेच पडताळता येतं: १,४५० च्या दराने ३६ पंखे म्हणजे ५२,२००, त्यावर कर ९,३९६, बेरीज ६१,५९६. दुरुस्ती केल्यावर येणारी रक्कम ही मुळात बिल बरोबर झालं असतं तर आली असती तेवढीच असली पाहिजे. मी कुठलीही क्रेडिट नोट याच कसोटीवर तपासते.

कारणं दोन आहेत म्हणून मी इथे दोन वेगळ्या नोटा काढायला सांगेन, एक मालपरतीची ७,०८० रुपयांची आणि एक दरफरकाची २,१२४ रुपयांची. एकाच नोटेत दोन ओळी लिहिल्या तरी कायद्याची हरकत नाही. पण परतीने साठा हलतो आणि दरफरकाने हलत नाही, आणि वेगळ्या कागदांमुळे ही चूक टळते. नोटेवर तिचा स्वतःचा क्रमांक आणि तारीख, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, मालाची किंमत, कराचा दर आणि रक्कम एवढं हवं.

पुण्याच्या वहीत परतीची नोंद अशी होते. विक्री परतावा खाती ६,००० नावे, देय केंद्रीय कर ५४० नावे, देय राज्य कर ५४० नावे, आणि सातारच्या दुकानदाराच्या खाती ७,०८० जमा. विक्री घटली, सरकारला द्यायचा कर घटला, दुकानदाराकडून येणंही घटलं. चार पंखे साठ्यात परत घेताना मात्र विक्रीचा दर धरायचा नाही. ते १,२५० ला विकत घेतले असतील तर साठ्यात ५,००० चेच येतात. वाकलेल्या पात्यांमुळे ते ७०० च्या वर विकले जाणार नसतील, तर २,८०० च धरायचे आणि उरलेले २,२०० नुकसान म्हणून लिहायचे. दोष कंपनीचा असेल तर हा व्यापारी वर कंपनीकडे दाद मागेल, आणि त्या व्यवहारात खरेदीदार तो स्वतः असेल.

साताऱ्याच्या वहीत हीच नोंद उलट बाजूने येते. पुण्याच्या पुरवठादाराच्या नावे ७,०८०, खरेदी परतावा खाती जमा ६,०००, आणि ५४०-५४० रुपये कराच्या वजावटीतून कमी. हा शेवटचा भाग सर्वांत जास्त विसरला जातो. बिल आलं तेव्हा दुकानदाराने १०,८०० रुपयांच्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, घेतलेली असते. परत गेलेल्या पंख्यांवरची वजावट त्याला ठेवता येत नाही. दरफरकाच्या नोंदीत पंखे हलत नाहीत, त्यांची किंमत हलते. ३६ पंख्यांचा साठा ५४,००० वरून ५२,२०० वर येतो. त्यातले दहा पंखे आधीच विकले गेले असतील, तर त्या दहांचे ५०० रुपये साठ्यातून वजा होत नाहीत, विकलेल्या मालाच्या खर्चातून वजा होतात.

आता तारखा. बिल १२ नोव्हेंबर २०२५ चं आणि क्रेडिट नोटा २० डिसेंबरच्या असं धरू. पुण्याचा व्यापारी नोव्हेंबरचं विवरण बदलणार नाही. तो या नोटा डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवेल आणि त्याच महिन्याच्या करातून १,४०४ रुपये कमी करेल. साताऱ्याला त्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतील. त्याआधी पोर्टलवरच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिममध्ये नोट स्वीकारायची की नाकारायची हे दुकानदाराला ठरवता येतं. न पाहता नाकारली तर तेवढा कर विक्रेत्याच्या पुढच्या विवरणात पुन्हा चढतो आणि मग फोनाफोनी सुरू होते. कायद्यातल्या बदलामुळे आता खरेदीदाराने घेतलेली वजावट उलटवल्याशिवाय विक्रेत्याला कर कमी करता येत नाही. दोघांच्या वह्या कायद्यानेच एकमेकांना बांधल्या गेल्या आहेत.

या सगळ्याला मुदतही आहे. ज्या आर्थिक वर्षात माल गेला ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर त्या तारखेपर्यंतच, क्रेडिट नोट विवरणात दाखवून कर कमी करता येतो. आपल्या बिलासाठी ती शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर विक्रेता ७,८०० रुपयांची कराशिवायची नोट देऊ शकतो, पण १,४०४ चा भरलेला कर त्याला या वाटेने परत मिळत नाही. मग त्या रकमेवरून दोघांत जो वाद होतो त्याने वर्षानुवर्षांचे संबंध तुटलेले मी पाहिले आहेत.

गडबड झाली आहे का, हे ओळखायला पुरवठादाराकडून खातेउतारा मागवावा आणि आपल्या खतावणीशी ताडून पाहावा. फरकाची रक्कमच बरंचसं सांगते. ९,२०४ चा फरक असेल तर एकाने नोंद केली आणि दुसऱ्याने केली नाही, किंवा दुकानदाराने आपली डेबिट नोट आणि आलेली क्रेडिट नोट असं दोन्ही चढवून एकच परती दोनदा लिहिली. कोणाची बाकी कमी दिसते ते पाहिलं की यातलं कोणतं झालं ते बहुधा उलगडतं. १,४०४ चा फरक असेल तर एकाने कर सोडून नोंद केली आहे. १८,४०८, म्हणजे बरोबर दुप्पट फरक असेल तर कोणीतरी नोट उलट्या बाजूला टाकली, नावेच्या जागी जमा केली. २३६ चा फरक म्हणजे ते दोनदा वजा झालेले २०० रुपये आणि त्यांच्यावरचा ३६ रुपये कर.

दुहेरी नोंद टाळायला सोपी सवय आहे. माल रवाना होतो त्या दिवशी आपली डेबिट नोट काढून ती नोंदवावी, आणि पुण्याची क्रेडिट नोट आल्यावर नवी नोंद न करता तिचा क्रमांक जुन्या नोंदीसमोर लिहावा. ज्या डेबिट नोटेसमोर महिनाअखेर असा क्रमांक आलेला नाही, तिच्यासाठी त्याच दिवशी फोन करावा. आणि पुढच्या वेळी कोणी "पुढच्या बिलात वळतं करतो" म्हणालं, तर आदराने सांगावं की वळतं नंतर करा, आधी क्रेडिट नोट पाठवा.